ग्रेडेड रीडरची लेव्हल कशी निवडायची आणि शब्द खरंच वाढले हे कसं ओळखायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत संध्याकाळी साडेसातला आमचा मोठ्या माणसांचा इंग्रजी वाचनवर्ग भरतो. उद्यमनगरातले फौंड्री सुपरवायझर, गुजरीत हिशेब बघणारे एक काका, दोन नर्सताई आणि मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या काही वहिनी, असा आमचा गोतावळा आहे. बहुतेक सगळे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले. एका कपाटात ग्रेडेड रीडर, म्हणजे ठरावीक शब्दांत लिहिलेली आणि पायरीपायरीने अवघड होत जाणारी इंग्रजी पुस्तकं ठेवलीत, त्यातलं पुस्तक घरी न्यायचं, वाचायचं आणि परत आणायचं. नवीन माणूस आला की तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

ग्रेडेड रीडर म्हणजे लहान मुलांची गोष्टीची पुस्तकंच ना?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. इंग्लंडमधल्या पाच वर्षांच्या पोराला घरात बोलून-ऐकून काही हजार शब्द येत असतात, फक्त वाचता येत नसतं. त्याच्यासाठी लिहिलेल्या गोष्टीत चिखलाचं डबकं, साळिंदरासारखा काटेरी प्राणी, हावरटासारखं खाणं यांचे शब्द बिनधास्त येतात. आपल्या नर्सताईंना इंजेक्शनच्या खोक्यावरचं इंग्रजी कळतं, पण त्या डबक्यात पाय अडकतो.

ग्रेडेड रीडर उलट्या बाजूने बनतो. आधी शब्दांची यादी ठरते आणि त्या यादीत बसेल अशी गोष्ट लिहिली जाते. या पद्धतीची एक महत्त्वाची पायवाट आपल्याच उपखंडातली आहे. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी 1920च्या दशकात ढाक्याला होते. बंगाली मुलांच्या वाचनपुस्तकांत जुनाट आणि क्वचित लागणारे शब्द ठासून भरलेले त्यांना दिसले. त्यांनी त्या जागी रोजचे शब्द घातले आणि नवा शब्द आला की तो पुढे पुन्हा पुन्हा भेटेल अशी मांडणी केली. पुढे 1953 साली त्यांची सुमारे 2,000 शब्दांची प्रसिद्ध यादी छापली गेली. आजच्या रीडरमागे तोच विचार आहे: नवा शब्द कमी, आणि आलेला शब्द वारंवार.

एका कंपनीचं लेव्हल 3 संपलं. दुसऱ्या कंपनीचं लेव्हल 4 घेऊ का?

थांबा. लेव्हलचा आकडा हा त्या त्या प्रकाशकाचा घरचा आकडा आहे. चपलेचा नंबर कंपनीगणिक बदलतो तसं समजा. ऑक्सफर्ड बुकवर्म्सची स्टेज 3 ही 1,000 मूळशब्दांची आहे, तर केंब्रिज इंग्लिश रीडर्सची लेव्हल 3 ही 1,300ची. चौथ्या पायरीला हेच आकडे 1,400 आणि 1,900 होतात, सहाव्या पायरीला 2,500 आणि 3,800. बुकवर्म्सची 3 संपवून केंब्रिजची 4 उचलली, तर मधले नऊशे शब्द तुम्ही न शिकताच ओलांडले.

आमच्या कपाटात हीच चूक मी स्वतः केली होती. सगळी पुस्तकं लेव्हलच्या आकड्याप्रमाणे लावली, 3चा कप्पा, 4चा कप्पा. 4च्या कप्प्यातली काही पुस्तकं दोन दिवसांत परत यायची, म्हणजे न वाचता. मला वाटायचं गोष्टी कंटाळवाण्या आहेत. नंतर मूळशब्दांच्या संख्येप्रमाणे लावली आणि मणक्यावर पेनाने 700, 1,000, 1,300 असे आकडे टाकले. हा आकडा बऱ्याचदा मागच्या कव्हरवर किंवा पहिल्या पानांत छापलेला असतो.

मूळशब्द म्हणजे काय, तेही सांगते. वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग हे मिळून एक धरतात. त्यामुळे 400 मूळशब्दांच्या पुस्तकात शब्दांची रूपं त्याहून बरीच जास्त दिसतात. शिवाय गोष्टीला लागणारे यादीबाहेरचे काही शब्दही असतात, ते सहसा मागच्या शब्दार्थांच्या पानावर दिलेले असतात.

माझी लेव्हल कशी ठरवू?

पुस्तक मधून कुठेही उघडा, पहिलं पान सोडून. तिथून 200 शब्द मोजा. माणसांची आणि गावांची नावं मोजू नका. पेन्सिलने अनोळखी शब्दाखाली टिंब द्या आणि सोबत मोबाइलवर वेळ लावा. अनोळखी शब्द चारपर्यंत असतील तर पुस्तक तुमचं. म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव ओळखीचे. पाच ते दहा असतील तर कुणाच्या मदतीने, वर्गात वाचायला ठीक. दहाच्या वर गेले तर ते पुस्तक आज नको.

अठ्ठ्याण्णव टक्के ही अट कडक वाटते. पण पंचाण्णव टक्के म्हणजे दर वीस शब्दांमागे एक खड्डा, म्हणजे साधारण दर दोन ओळींत एक. खड्ड्याच्या आजूबाजूचे शब्द ओळखीचे असले तरच अर्थाचा अंदाज बांधता येतो. खड्डेच जवळजवळ आले की अंदाजाला आधार राहत नाही आणि माणूस डिक्शनरी उघडतो. मग ते वाचन राहत नाही, ती कोडी सोडवणं होते.

उदाहरण एका सुपरवायझर दादांचं. वय 41, आयटीआय झालेले, कारखान्यात इंग्रजी ड्रॉइंग रोज हातात. पहिल्याच दिवशी त्यांनी बुकवर्म्सची स्टेज 4 मागितली, "एवढं तर येतंयच की" म्हणाले. 200 शब्दांत 17 टिंबं पडली. स्टेज 2 दिली, तीन टिंबं. इथे थांबायला हरकत नव्हती, पण घड्याळ बघितलं तर 200 शब्दांना 3 मिनिटं 20 सेकंद लागली होती, म्हणजे मिनिटाला 60 शब्द. स्टेज 1वर एकच टिंब आणि मिनिटाला 90. मी त्यांना स्टेज 1चीच दोन पुस्तकं दिली. चेहरा पडला त्यांचा, पण दोन्ही आठवड्याच्या आत संपली आणि मग स्टेज 2 घेतली.

टिंबांइतकंच घड्याळ बघा असं म्हणते ते यासाठी. शब्द ओळखीचा आहे पण ओळखायला दोन सेकंद लागतात, ही अवस्था टिंबांत दिसत नाही. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरली जाते.

सगळे शब्द ओळखीचे आहेत, तरी वाक्य कळत नाही. असं का?

मराठी माणसाच्या बाबतीत याची दोन कारणं असतात, आणि पहिलं कारण इंग्रजीच्या परदेशी पुस्तकांत तुम्हाला सहसा सापडणार नाही.

आपण दिवसभर इंग्रजी शब्द वापरतो, पण आपल्या अर्थाने. एका ताईंनी 'द किचन वॉज अ मेस' हे वाक्य वाचून सांगितलं, "त्यांच्या स्वयंपाकघरात खानावळ होती." चुकलं कुठे? कोल्हापुरात पोरं मेसला जेवतात. तिथे पसारा हा अर्थ होता. 'ही लॉस्ट हिज बॅलन्स' या वाक्यावर एका काकांनी मोबाइलचं रिचार्ज संपवलं. तो माणूस शिडीवरून तोल जाऊन पडला होता. या शब्दांखाली टिंब पडत नाही, कारण वाचणाऱ्याला ते येतात असं वाटतं. म्हणून टिंबं चारच असली, तरी त्या 200 शब्दांत काय घडलं ते मराठीत सांगून बघा. गोष्ट उलटीसुलटी झाली तर टिंबं खोटं बोलत होती.

दुसरं कारण म्हणजे छोटे शब्द एकत्र येऊन वेगळाच अर्थ देतात. 'मेक' येतो, 'अप' येतो, पण 'ही मेड अप अ स्टोरी' म्हणजे त्याने गोष्ट रचली, थाप मारली. प्रकाशकाच्या यादीत हे दोन सोपे शब्द म्हणून निघून जातात. असे जोड दिसले की त्यांना एक अख्खा शब्द धरा आणि टिंब द्या.

एका लेव्हलची किती पुस्तकं वाचायची?

कमीत कमी पाच, हा आमचा वर्गातला नियम. कारण एका पुस्तकात त्या पायरीचे सगळे शब्द येत नाहीत, आणि आले तरी पुरेशा वेळा भेटत नाहीत. भुताच्या गोष्टीत लागणारे शब्द वेगळे, चोरीच्या गोष्टीत वेगळे. म्हणून पाचही एकाच प्रकारची घेऊ नका.

वेळेचा हिशेब सोपा आहे. स्टेज 2चं पुस्तक सहा-सात हजार शब्दांचं असतं. मिनिटाला 65 शब्दांनी वाचलं तर साधारण शंभर मिनिटं, म्हणजे रोज वीस मिनिटं बसलात तर पाच दिवस. स्टेज 3ची पुस्तकं दहा हजार शब्दांच्या आसपास जातात, त्यांना आठवडा धरा. एका पुस्तकाला महिना लागत असेल तर लेव्हल चुकली आहे किंवा वाचायला वेळ काढला जात नाही. आणि दोन वाचनांत महिन्याचं अंतर पडलं तर आधी भेटलेला शब्द पुन्हा नवाच वाटतो.

पुस्तक संपलं म्हणजे तेवढे शब्द आले असं धरायचं?

अजिबात नाही. 2003 साली वेरिंग आणि ताकाकी यांनी जपानमध्ये 15 जणांवर एक प्रयोग केला. 400 मूळशब्दांच्या एका रीडरमधले 25 साधे शब्द काढून त्या जागी बनवलेले खोटे शब्द घातले, म्हणजे कुणाला ते आधी माहीत असण्याचा प्रश्नच नको. वाचून झाल्यावर लगेच विचारलं, तेव्हा सरासरी 15 शब्द पाहिल्याचं आठवत होतं, पर्याय दिले तर 10-11 जमले, पण नुसता शब्द देऊन अर्थ विचारला तर साडेचारच्या आसपास. तीन महिन्यांनी पर्यायाशिवाय अर्थ सांगता आला तो सरासरी जेमतेम एका शब्दाचा. आणि पुस्तकात आठपेक्षा कमी वेळा आलेले शब्द जवळपास पुसलेच गेले.

म्हणून एका पुस्तकावरून प्रगती मोजू नका. पहिलं पुस्तक शब्दाशी ओळख करून देतं. पाचव्या-सहाव्या पुस्तकापर्यंत त्यातले काही घरचे होतात. आमचे सुपरवायझर दादा एकदा एका शब्दावर थांबून म्हणाले, "मॅडम, वळख हाय, पण नाव ध्यानात येत न्हाई." ही जी मधली अवस्था आहे ना, तीच मोजायची असते.

मग शब्द वाढले हे मोजायचं कसं?

मागच्या शब्दार्थांच्या पानावरून मोजू नका. ते बहुतेक यादीबाहेरचे, त्या गोष्टीपुरते शब्द असतात. जहाजाचं शीड आणि किल्ल्याचा खंदक येऊन फार फरक पडत नाही.

आम्ही 'न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट' वापरतो. 2013मध्ये निघालेली ही सुमारे 2,800 शब्दांची यादी फुकट मिळते आणि किती वेळा लागतात त्या क्रमाने लावलेली आहे. प्रकाशकाची यादी आणि ही यादी तंतोतंत जुळत नाही, पण अंदाजाला पुरते. समजा तुम्ही 700वरून 1,000च्या पायरीवर चाललात. मधले 300 शब्द तुमचं शेत. त्यातून दर दहावा शब्द घ्या: 710, 720 असं 1,000पर्यंत. तीस शब्दांचा हा संच 'अ'. मग 705, 715 असं 995पर्यंत, हा संच 'ब'. पायरी सुरू करताना 'अ' तपासायचा, संपल्यावर 'ब'. एकच संच पुन्हा लगेच वापरला तर तेवढे तीस शब्द पाठ होतात आणि आकडा फुगतो.

गुण तीनच: माहीत नाही 0, ओळख आहे पण अर्थ नक्की नाही 1, वाक्यातला अर्थ मराठीत सांगता आला 2. शब्द नुसता विचारू नका, छोट्या वाक्यात घालून विचारा, नाहीतर मेस आणि बॅलन्सची गंमत पुन्हा होते. गुण दुसऱ्याने द्यावेत. स्वतःच स्वतःला 2 देण्यात हात फार सैल सुटतो.

दादांचा स्टेज 3चा कागद माझ्यासमोर आहे. सुरुवातीला संच 'अ': 11 शब्दांना 2, 8 शब्दांना 1, 11 शब्दांना 0. त्यानंतर त्यांनी सहा पुस्तकं वाचली, म्हणजे साधारण साठ हजार शब्द. मध्ये घरात लग्न निघालं म्हणून पंधरा दिवस गेले, एकूण अडीच महिने लागले. संच 'ब': 18 शब्दांना 2, 9 शब्दांना 1, आणि 0 फक्त तिघांना. तीसमधला एक शब्द शेतातल्या दहा शब्दांच्या जागी उभा आहे, म्हणजे 300पैकी 110वरून 180वर गेले असा अंदाज. शीटमध्ये गुण B स्तंभात भरले असतील तर हे सूत्र पुरे:

```
=COUNTIF(B2:B31,2)*10
```

आता हा 180 सोन्याच्या तराजूतला नाही. तीसच शब्द तपासले की नशिबाने दोन-तीन शब्द इकडचे तिकडे होतात. म्हणून दोन-तीनचा फरक आम्ही फरक मानत नाही. पाच किंवा जास्त वाढले तरच बोलतो. दादांचे सात वाढले. त्याहून मला आवडलं ते शून्यांचं घटणं, अकरावरून तीन. वाढ आधी तिथेच दिसते. 2 वाढले नाहीत पण 0 बरेच घटले, तर निराश होऊ नका, त्याच पायरीवर आणखी तीन पुस्तकं वाचा.

एक खुबी राहिली. सोबत दहा शब्द फार वरचे घ्या, क्रमांक 2,000च्या पुढचे, जे या पुस्तकांत क्वचितच भेटतील. दोन्ही वेळा तेही विचारा. दादांचे दहापैकी आधी 2 आले, नंतर 3. ते 2वरून 7वर गेले असते तर मी म्हटलं असतं, गुण देणारा सैल झाला. चार आठवड्यांनी मी 'अ' पुन्हा विचारला, तेव्हा 17 निघाले. म्हणजे वाढ टिकली.

नेटवरच्या चाचणीत माझे 5,000 शब्द आले. मग मी स्टेज 1 का वाचू?

चाचणी कशी बनली आहे ते बघा. नेशन आणि बेगलर यांच्या 2007च्या शब्दसंख्या चाचणीत 140 प्रश्न असतात, प्रत्येकाला चार पर्याय, आणि बरोबर उत्तरांना 100ने गुणायचं. डोळे मिटून टिकमार्क केली तरी सरासरी 35 बरोबर येतात, म्हणजे 3,500 शब्द फुकटात. त्यात आपले मराठीत रुळलेले शब्द भर घालतात. ही चाचणी वाईट नाही, पण आपल्या पायरीच्या माणसाला ती फार खूश करते.

त्यापेक्षा वेब, सासाओ आणि बॅलन्स यांची 2017ची हजार-हजारच्या पाच टप्प्यांची चाचणी बरी. प्रत्येक टप्प्याला 30 प्रश्न आणि पहिल्या तीन टप्प्यांना 30पैकी 29 बरोबर आले तरच तो टप्पा आला असं धरतात. आमच्याकडे पहिल्या हजाराला 29 गाठणारे थोडेच निघाले, अडकलेल्यांत 5,000वाले एक भाऊही होते.

अनोळखी शब्द वहीत लिहून पाठ करू का?

वाचताना नको. पुस्तक संपल्यावर टिंबांतले दहाच शब्द निवडा, जे दोनदा-तीनदा आलेत तेच. ज्या वाक्यात भेटले ते वाक्य लिहा, खाली मराठी अर्थ. बाकीची टिंबं खोडून टाका, पुढच्या माणसाला स्वच्छ पुस्तक मिळू दे.

शेवटची लेव्हल संपली की सरळ इंग्रजी कादंबरी वाचता येईल?

इथे मोठी दरी आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. सगळ्यात वरचे रीडर 2,500 ते 3,800 मूळशब्दांवर थांबतात. मूळ कादंबरीत शंभरातले 98 शब्द ओळखीचे वाटायला, पॉल नेशन यांच्या 2006च्या मोजणीनुसार, आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं, म्हणजे मूळशब्द आणि त्यांपासून बनलेले शब्द मिळून एक धरलेले गट, लागतात. शेवटची पायरी चढून कादंबरी उघडली की पुन्हा पहिल्या दिवसासारखी टिंबं पडतात आणि माणूस म्हणतो, एवढं वाचून काय उपयोग झाला?

या दरीवर आम्ही एकच उपाय करतो: विषय अरुंद ठेवायचा. एकाच विषयावरचं, जमलं तर एकाच लेखकाचं, सलग वाचायचं, कारण तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. नर्सताईंनी रुग्णांसाठी छापलेली मधुमेहाची माहितीपत्रकं घेतली. पहिल्या पत्रकात 200 शब्दांना 14 टिंबं होती, सहाव्यात 6. दादांचं अजून स्टेज 4 चालू आहे. त्यांनी कारखान्यातल्या जुन्या मशीनचं इंग्रजी मॅन्युअल आणून कपाटात ठेवलंय. मणक्यावर कितीचा आकडा टाकायचा ते अजून ठरलेलं नाही.